मधुमेह असताना सिगारेट-बिडी सोडायची तर साखर कशी सांभाळायची: आधीच्या तयारीपासून वर्षभराच्या तपासणीपर्यंत

टाइप दोन मधुमेह असलेली माणसं धाडस करून सिगारेट किंवा बिडी सोडतात. महिन्या-दीड महिन्याने रक्त तपासतात, तर साखर आधीपेक्षा जास्त. मग निष्कर्ष निघतो: "ओढत होतो तेव्हाच बरं होतं." आणि बिडीचं बंडल परत खिशात येतं. काही जण घाबरून स्वतःच गोळी वाढवतात. हे दोन्ही घोटाळे टळू शकतात, पण त्यासाठी काही कामं सोडण्याच्या दिवसाच्या आधी करावी लागतात. ती नंतर करून उपयोग होत नाही, म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा.

## आधी समजून घ्या: साखर दोन्ही बाजूंना का हलते

निकोटीन रक्तात गेलं की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. चरबी विरघळून स्निग्धाम्लं रक्तात येतात आणि ती स्नायूंमध्ये इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. इन्शुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. यालाच इन्शुलिन प्रतिरोध म्हणतात. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांची चरबी पोटाभोवती जास्त साठते, आणि तीच चरबी हा प्रतिरोध वाढवते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात धूम्रपान हे टाइप दोन मधुमेहाचं एक कारण असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. ओढणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो.

सोडल्यावर हा अडथळा कमी होऊ लागतो. छोट्या अभ्यासांत एक-दोन आठवड्यांतच स्नायूंचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला दिसला आहे. मग साखर वाढते कशी? कारण त्याच वेळी भूक परत येते, जिभेला चव येते, गोड खावंसं वाटतं आणि शरीराचा रोजचा ऊर्जेचा खर्च थोडा घटतो. सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे एक ओढ साखर खाली नेणारी आणि दुसरी वर नेणारी. कोणाच्या बाबतीत कोणती जोर करेल हे औषधांवर आणि खाण्यावर ठरतं.

वाढ किती होते याचा एक भरवशाचा आकडा आहे. ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या १०,६९२ धूम्रपान करणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या आणि हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी सोडलं त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, पहिल्या वर्षात सरासरी ०.२१ ने वाढलं. सोडलेलंच ठेवल्यावर ते हळूहळू उतरलं आणि तीन वर्षांनी ओढत राहिलेल्यांच्या बरोबरीला आलं. ०.२१ म्हणजे रोजच्या सरासरी साखरेत जेमतेम ६ मिलिग्रॅमचा फरक. विशेष म्हणजे ही वाढ फक्त वजन वाढल्याने झाली असं त्या नोंदींतून दिसलं नाही. म्हणून "माझं वजन वाढलं नाही, मग साखर का वाढली?" असं वाटलं तर लगेच काही बिघडलंय असं समजू नका.

## टप्पा १: दोन आठवडे आधी, ओढत असतानाच मोजा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. लोक पाच महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टशी आजची साखर ताडून पाहतात आणि मधले पाच महिने विसरतात.

एक वही घ्या. सोडण्याची तारीख ठरवा आणि तिच्या आधीच्या दोन आठवड्यांत हे लिहा:

1. एचबीएवनसी, एकदा, प्रयोगशाळेतून. शक्यतो नंतरही तिथेच करा.
2. सकाळी उठून पोट साफ झाल्यावर, चहाआधी वजन. आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर.
3. आठवड्यातून तीन दिवस घरच्या यंत्रावर साखर: उपाशीपोटी एकदा, आणि दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाच्या पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी एकदा.
4. रोज किती ओढल्या, आणि त्यातल्या कोणत्या "जेवणानंतरच्या" होत्या.
5. चहाचे कप आणि साखरेचे चमचे.

सावधान: गोड पदार्थ, फळ किंवा पेपरमिंट हाताळून तेच बोट टोचलं तर आकडा खोटा वर येतो. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मगच टोचा.

तपासा: दोन आठवड्यांनी वहीत उपाशीपोटीचे सहा आणि जेवणानंतरचे सहा आकडे हवेत. ते नसतील तर तारीख आठवडाभर पुढे ढकला. ही सवलत एकदाच घ्या.

## टप्पा २: डॉक्टरांकडे जाताना दोनच प्रश्न नीट विचारा

पहिला प्रश्न: "माझ्या औषधाने साखर खूप खाली जाऊ शकते का?" नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन यांनी जाऊ शकते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर हे नक्की विचारायला हवं, कारण धूम्रपानामुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. सोडल्यावर तिथला रक्तप्रवाह सुधारतो आणि टोचलेलं इन्शुलिन जास्त जलद शोषलं जाऊ शकतं. मात्रा तीच, परिणाम वेगळा.

दुसरा प्रश्न: "कोणता आकडा आला तर मी तुम्हाला फोन करू, आणि कोणती गोळी कमी-जास्त करू?" याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. गोळीचा बदल तुमच्या मनाने नको. पण उशीर होऊन डॉक्टरांचा पत्ताच न लागणं हेही नको.

सोबत घेत असलेल्या बाकी सगळ्या गोळ्या दाखवा. धूम्रपान सोडवण्यासाठी दिली जाणारी ब्युप्रोपिऑन ही गोळी इन्शुलिन किंवा साखर खाली नेणाऱ्या गोळ्यांबरोबर जपून द्यावी लागते, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. दम्यासाठी थिओफायलिन घेत असाल तर धूर बंद झाल्यावर ते रक्तात साचू लागतं; मात्रा बदलावी लागू शकते.

## टप्पा ३: निकोटीनचा पर्याय घ्या, पण पद्धतीने

"निकोटीनच साखर वाढवतं ना, मग च्युइंगगम कशाला?" असा प्रश्न येतो. निकोटीन गम किंवा पॅच वापरताना प्रतिरोध थोडा टिकून राहू शकतो, हे खरं. पण ते काही आठवड्यांसाठी असतं, त्यात धूर नसतो आणि पुन्हा ओढण्याची शक्यता कमी होते. मधुमेहात हृदय आणि पायांच्या रक्तवाहिन्या आधीच धोक्यात असतात, म्हणून माझं मत पर्यायाच्या बाजूने आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या.

गम चुकीचा चघळणं ही इथली नेहमीची चूक. तो पानासारखा कराकरा चघळला तर निकोटीन पोटात जातं, मळमळ होते, उचकी लागते आणि माणूस म्हणतो, "हे काही चालत नाही." बरोबर पद्धत: तोंडात मुंग्या किंवा तिखटपणा येईपर्यंत सावकाश चघळा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मुंग्या गेल्या की पुन्हा थोडं चघळा, जागा बदला. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, फळांचा रस नको. आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅम, नाहीतर २ मिलिग्रॅम. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवा. वेष्टनावर साखर आहे का ते वाचा. बिनसाखरेचा प्रकार घ्या.

सावधान: बिडी सोडून तंबाखू-चुना, मिश्री किंवा गुटख्यावर जाणं म्हणजे सोडणं नव्हे. निकोटीन तेवढंच राहतं, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वर येतो, आणि साखरेच्या वहीतले आकडे कशाचे हेही कळेनासं होतं.

## टप्पा ४: आठवडाभर आधी चहा आणि खिसा

चहाची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झटपट करत असतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफिन बरंच जास्त होतं. परिणामी छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. हीच लक्षणं साखर खाली गेल्याचीही आहेत आणि निकोटीन सुटल्याचीही. निकोटीनच्या गमने हे टळत नाही, कारण हे काम निकोटीनचं नसून धुराचं आहे. म्हणून आठवडाभर आधीपासून चहा निम्म्यावर आणा. सहा कप असतील तर तीन, तेही बिनसाखरेचे.

आता खिसा. सिगारेटच्या जागी लिमलेटच्या किंवा पेपरमिंटच्या गोळ्या ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. एका गोळीत साधारण चार ग्रॅम साखर धरली तर दिवसभरात दहा गोळ्यांनी चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे चहाचे आठ-दहा चमचे. रंगीत साखर लावलेली बडीशेप आणि गोड सुपारी यांचंही तेच, आणि सुपारी तर मुळातच नको. खिशात ठेवायचं ते असं: कोरडी भाजलेली बडीशेप आणि ओवा, लवंग, मूठभर भाजलेले चणे, काकडीचे तुकडे.

जेवणानंतरची सिगारेट वेगळी हाताळा, कारण तिची तलफ सगळ्यात घट्ट असते. शेवटचा घास झाला की ताट उचलून थेट चप्पल घाला आणि दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि दोन तासांनंतरचा आकडा खाली येतो. तलफही साधारण तेवढ्या वेळात ओसरते. एका कृतीत दोन कामं होतात, म्हणून यावर मी जास्त भर देते.

## टप्पा ५: पहिले चौदा दिवस, आणि हात थरथरला तर

तलफ आणि चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते. या काळात ज्यांना साखर खाली जाण्याचा धोका आहे, त्यांनी दिवसातून चार वेळा मोजावं: उपाशीपोटी, दोन्ही मोठ्या जेवणांआधी आणि झोपताना. फक्त मेटफॉर्मिनवाल्यांना टप्पा १ मधला क्रम पुरे.

घाम, थरथर, भूक, डोकेदुखी, चिडचिड यातलं काहीही झालं की आधी मोजा, मग खा. गोड खाऊन बघूया, हे नको. त्याने विनाकारण साखर चढते आणि कारणही कळत नाही. यंत्र हाताशी नसेल आणि तुम्ही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर मात्र साखर कमी आहे असं धरूनच उपाय करा. न मोजता वाट बघणं जास्त धोक्याचं आहे.

आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. सावरल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर पोळी-भाजी किंवा दूध घ्या.

सावधान: तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर चढत नाही, कारण ही औषधं साखरेचं विघटन रोखतात. अशांनी घरात आणि खिशात ग्लुकोजची पावडर ठेवावी. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, म्हणून पाकिटावरची नावं आजच वाचा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

तपासा: आठवड्यात दोनदा ७० च्या खाली गेलात तर तोच आठवडा डॉक्टरांना फोन करण्याचा.

## टप्पा ६: तिसरा ते बारावा आठवडा, आकड्यांचा अर्थ लावणं

इथे एका समजुतीच्या उदाहरणावरून बघू. माणूस काल्पनिक आहे, पण अशा वह्या नेहमी दिसतात.

समजा, एसटीचे एक चालक, वय ५४. रोज चौदा सिगारेटी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. सोडण्याआधी एचबीएवनसी ७.६, वजन ७४ किलो, उपाशीपोटीची सरासरी १३८, रात्रीच्या जेवणानंतरची १९०. चहा निम्मा केलेला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला डेपोत घाम आला, हात थरथरला. सहकारी म्हणाले, "अहो, पेढा घ्या, शुगर गेली असेल." त्यांनी आधी मोजलं: ११२. म्हणजे साखर कमी नव्हती. निकोटीन सुटलेलं आणि तीन कप चहा झालेला. पेढा वाचला, चहा कमी झाला. नवव्या दिवशी फेरीला उशीर झाला, जेवण दीडऐवजी साडेतीनला. पुन्हा तसाच घाम, पण आकडा ६४. हे खरं कमी होणं होतं. त्यांनी साखरेचं पाणी घेतलं, अर्धा तास गाडी हातात घेतली नाही आणि संध्याकाळी डॉक्टरांना कळवलं. एकच लक्षण, दोन वेगळी कारणं. फरक फक्त यंत्राने दाखवला.

पाचव्या आठवड्यात चित्र उलटलं: उपाशीपोटी १५०, रात्री जेवणानंतर २३२. घरचे म्हणाले, आता काय उपयोग झाला सोडून. पण वही नीट वाचा. उपाशीपोटीचा आकडा बारानेच सरकला आहे, जेवणानंतरचा बेचाळीसने. दोन्ही सारखे वाढले असते, तर रात्रभर यकृतातून येणाऱ्या साखरेकडे, वाढत्या वजनाकडे, चुकलेल्या गोळ्यांकडे किंवा अंगात मुरलेल्या एखाद्या संसर्गाकडे बघावं लागलं असतं. फक्त जेवणानंतरचा उसळला की आधी जेवण आणि त्याच्या आसपासचं खाणं बघावं. इथे वहीत सापडलं ते असं: रात्रीच्या ड्युटीत लिमलेटच्या सात-आठ गोळ्या, आणि जेवणात दोनऐवजी तीन भाकऱ्या. गोळ्या बंद, भाकरी दोन, मुगाची उसळ वाढवली, जेवणानंतर चालणं रोज. पंधरा दिवसांनी १९६. औषधाला हात लावावा लागला नाही.

आकडे बघताना तीन चुका टाळा. एका दिवसाच्या आकड्यावरून ठरवू नका. किमान तीन दिवसांची सरासरी काढा. सर्दी-ताप असताना किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असताना घेतलेले आकडे वेगळे लिहा. आणि वजन कमी करण्याचं कडक आहारव्रत याच आठवड्यांत सुरू करू नका. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असताना एक वेळचं जेवण गाळलं तर साखर घसरते, आणि उपाशी माणसाची तलफ दुप्पट होते.

लगेच डॉक्टर: सलग दोन वेळा २५० च्या वर, किंवा एकदाच ३०० च्या वर आणि त्याबरोबर उलट्या, खूप तहान, पोटात दुखणं किंवा दम लागणं. ही धूम्रपान सोडल्याची नेहमीची हालचाल नाही.

## टप्पा ७: तीन महिने, सहा महिने, वर्ष

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. म्हणून सोडल्यावर महिन्याभरात ते करून काही कळत नाही. त्यात निम्मे दिवस तुमच्या ओढण्याचेच असतात. पहिलं बारा आठवड्यांनी करा.

वरच्या चालकांचं तीन महिन्यांनी ७.९ आलं, वजन अडीच किलो वाढलेलं. ०.३ ची वाढ म्हणजे रोजच्या सरासरीत साधारण ९ मिलिग्रॅम. घरच्या आकड्यांची उतरण सुरू झालेली दिसत असेल, तर औषध न वाढवता आणखी तीन महिने थांबायचं का, हे डॉक्टर ठरवू शकतात, आणि त्यांना ते ठरवता यावं म्हणूनच वही सोबत न्यायची. पण वाढ ०.५ किंवा जास्त असेल, किंवा सहा महिन्यांनीही चढतीच असेल, तर "सोडल्यामुळे झालं असेल" म्हणत बसू नका. औषध अपुरं पडतंय किंवा दुसरं काही सुरू आहे, आणि त्यावर उपचार हवेत.

वर्षाच्या तपासणीत साखरेसोबत रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना बघून घ्या. धूम्रपान सोडल्याचा फायदा या ठिकाणी मिळतो, एचबीएवनसीच्या दशांशांत नाही.

मधेच एखादी सिगारेट ओढली गेली तर वहीत वेळ, ठिकाण आणि त्याआधीची दोन तासांतली साखर लिहा, आणि पुढच्या तासापासून पुन्हा सोडलेलं धरा. मागची तारीख खोडू नका. सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखू सोडा हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे; क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोन केल्यावर मधुमेह आहे आणि कोणती औषधं चालू आहेत, हे पहिल्या वाक्यातच सांगा.